क्रिएटिनची निपज आणि तूट

सत्तर किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे १२० ग्रॅम क्रिएटिन असते व त्यातले पंचाण्णव टक्के स्नायूंत साठलेले असते. परंतु ज्या स्नायूंत हा साठा आहे ते त्याच्या निर्मितीत जवळजवळ कोणताही वाटा उचलीत नाहीत, आणि जे दोन अवयव मुख्यतः ही निर्मिती करतात, त्या मूत्रपिंडांत व यकृतात त्याचा म्हणण्यासारखा साठा राहत नाही. जिना धावत चढताना किंवा भरलेला हंडा एकदम उचलताना पहिल्या काही सेकंदांत जी शक्ती खर्ची पडते, तिची तातडीची बेगमी फॉस्फेट जोडलेल्या क्रिएटिनच्या रूपाने स्नायूंत केलेली असते. श्रमाच्या वेळी हे फॉस्फेट काढून घेतले जाते आणि विसावा मिळताच पुन्हा जोडले जाते. या देवघेवीत क्रिएटिन स्वतः खर्च होत नाही. असे असता शरीराला ते दररोज नव्याने का करावे लागते, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

त्याचे उत्तर श्रमात नसून त्या रेणूच्या स्वभावात आहे. क्रिएटिनचा रेणू स्वस्थ पडून असतानाही, कोणत्याही विकराच्या साहाय्यावाचून, पाण्याचा एक रेणू गमावतो आणि स्वतःभोवती वळून क्रिएटिनीन नावाच्या निरुपयोगी पदार्थात बदलतो; शरीरातील एकूण साठ्यापैकी १.७ टक्के भाग अशा रीतीने दररोज नाहीसा होतो. १२० ग्रॅमांवर ही तूट दोन ग्रॅमांची झाली, आणि गेलेल्या पाण्याचे वजन वजा केले म्हणजे सुमारे पावणेदोन ग्रॅम क्रिएटिनीन दररोज लघवीवाटे बाहेर पडावे. निरोगी, बांधेसूद पुरुषाची चोवीस तासांची लघवी तपासली असता याच सुमाराचा आकडा येतो, आणि तो मनुष्य दिवसभर नांगर धरून होता की ओसरीवर बसून होता याने त्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो त्याच्या अंगावर स्नायू किती आहेत याने.

अध्यापनाच्या काळात हा पदार्थ आम्ही विद्यार्थ्यांना एका जुन्या परीक्षेने दाखवीत असू, जी माक्स याफे या जर्मन संशोधकाने १८८६ मध्ये वर्णिली आणि जी सुधारलेल्या रूपाने आजही अनेक रोगनिदान प्रयोगशाळांत चालते. परीक्षानळीत पिक्रिक आम्लाचा पिवळाधमक द्राव घ्यावा, त्यात पातळ केलेली लघवी घालावी, आणि शेवटी थोडा कॉस्टिक सोडा सोडावा. पाहता पाहता पिवळ्यात नारिंगी छटा उतरते आणि काही मिनिटांत ती तांबूस नारिंगी होऊन स्थिरावते. या रंगाची गडदता वर्णमापकावर मोजली की क्रिएटिनीनचे प्रमाण कळते. खुद्द क्रिएटिन या परीक्षेत रंग देत नाही. मटणाच्या अळणी पाण्यातली प्रथिने साक्यासारखी खाली बसवून, गाळून घेतलेला निवळ द्राव तपासला तर रंग बेताचाच येतो. पण तोच द्राव आम्लात बराच वेळ तापवून, आम्लाचे निराकरण करून पुन्हा तपासला तर रंग स्पष्टपणे गडद होतो, कारण तापवण्याने क्रिएटिनचे क्रिएटिनीन झालेले असते. दोन आकड्यांतील वजाबाकी म्हणजे मूळचे क्रिएटिन. चुलीवर मटण शिजत असतानाही हेच रूपांतर थोड्या प्रमाणात होते, आणि पुष्कळसे क्रिएटिन फोडींतून उतरून रश्शात येते; म्हणून फोडी खाऊन अळणी टाकून देणारा मनुष्य त्याचा बराचसा हिस्सा टाकून देत असतो.

दोन ग्रॅमांची ही तूट भरून काढण्याच्या कामाचा आरंभ मूत्रपिंडात होतो. आतड्यात तयार झालेले सिट्रुलीन रक्तावाटे तेथे पोहोचते आणि त्यापासून मूत्रपिंडाच्या नलिकांतील पेशी आर्जिनीन हे अमिनो आम्ल बनवतात; मग एक विकर आर्जिनीनच्या टोकाचा नायट्रोजनयुक्त गट तोडून ग्लायसीन या सर्वांत लहान अमिनो आम्लावर बसवते. आर्जिनीनचा उरलेला भाग ऑर्निथीन म्हणून दुसऱ्या कामी लागतो, आणि नवा जो पदार्थ निपजतो त्याला ग्वानिडिनोअ‍ॅसिटेट म्हणतात. तो क्रिएटिनच्या अगदी जवळचा असला तरी क्रिएटिन नव्हे. त्याला अद्याप एक मिथिल गट कमी आहे. म्हणून मूत्रपिंड तो रक्तात सोडते आणि त्याची रवानगी यकृताकडे होते.

यकृतातील दुसरे विकर हा मिथिल गट जोडते, आणि तो येतो मेथिओनीन या तिसऱ्या अमिनो आम्लाकडून. तेथे क्रिएटिन पूर्ण होते, लागलीच रक्तात उतरते, आणि स्नायूंच्या पेशींवरील एक वाहक प्रथिन सोडियमच्या जोरावर त्याला आत ओढून घेते. मूत्रपिंडातील पहिल्या पायरीवर निर्मितीचे प्रमाण ठरते, आणि यकृतातील दुसऱ्या पायरीवर तिची किंमत चुकती होते. ती किंमत लहान नाही. शरीरात मिथिल गटांची जी अनेक कामे आहेत, त्यांपैकी एकट्या क्रिएटिनच्या निर्मितीला, अलीकडच्या गणिताप्रमाणे, सुमारे चाळीस टक्के गट लागतात, आणि दिलेल्या प्रत्येक गटामागे होमोसिस्टीनचा एक रेणू मागे उरतो. या होमोसिस्टीनचे पुन्हा मेथिओनीन करण्याचा मुख्य मार्ग फोलेट व ब-१२ या जीवनसत्त्वांवाचून चालत नाही.

येथे आपल्या ताटाचा प्रश्न येतो. कच्च्या मटणात किंवा मासळीत किलोमागे साधारणपणे चार ते पाच ग्रॅम क्रिएटिन असते. तेव्हा पाव किलो मटण किंवा तेवढीच मासळी खाणाऱ्याला, शिजवण्यातली घट सोडली तर, दिवसाच्या तुटीपैकी निम्मी, म्हणजे ग्रॅमभर, आयती मिळते. दुधात ते लिटरमागे एक दशांश ग्रॅम इतकेच असते, आणि डाळी, धान्ये व भाज्या यांत जवळजवळ नसतेच. अन्नातून क्रिएटिन आले म्हणजे मूत्रपिंडातील पहिल्या विकराची निर्मितीच कमी केली जाते; पुरवठा थांबला की ते पुन्हा वाढते. लगाम पहिल्याच पायरीवर असल्यामुळे अर्धवट तयार झालेला माल साचून राहत नाही आणि यकृतातले मिथिल गटही वाचतात.

शाकाहारी मनुष्याच्या शरीराला मात्र ही सवलत नाही. त्याला जवळजवळ सर्व निर्मिती स्वतःच करावी लागते. तरीही त्याचे स्नायू रिते राहत नाहीत. त्यांतील साठा मांसाहाऱ्यापेक्षा काहीसा खालच्या पातळीवर स्थिरावतो, आणि रोजची तूट साठ्याच्या प्रमाणात होत असल्यामुळे तीही तितकीच खाली येते: साठा १०० ग्रॅमांचा धरला तर १.७ ग्रॅमांच्या निर्मितीत मेळ बसतो. त्याची अडचण निराळ्या ठिकाणी असते. मिथिल गटांचा पुरा खर्च त्याच्या यकृतावर पडतो, आणि त्या खर्चाची भरपाई करणारे ब-१२ वनस्पतिजन्य अन्नात मिळत नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तपासलेल्या पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी आढळले, आणि अर्ध्याहून अधिकांत होमोसिस्टीन वाढलेले होते. ही वाढ क्रिएटिनमुळे झाली असे नव्हे, तिचे कारण ब-१२चा अभाव. अशा शाकाहाऱ्याने प्रथम ब-१२कडे लक्ष द्यावे. क्रिएटिनचे काम त्याचे मूत्रपिंड व यकृत बिनतक्रार करीत असतात.

मूत्रपिंड व यकृत मिळून चालणारे हे काम दोन पायऱ्यांचे आहे, याचा अत्यंत स्वच्छ पुरावा एका आजारी बालकाने दिला. १९९४ मध्ये सिल्विया स्टॉकलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतून प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतातले हे मूल बावीस महिन्यांचे होते; त्याचे स्नायू शिथिल होते, हातापायांच्या हालचाली स्वाधीन नव्हत्या आणि वाढ खुंटलेली होती. चुंबकीय तपासणीत त्याच्या मेंदूत क्रिएटिन जवळजवळ दिसलेच नाही, आणि रक्तात क्रिएटिनीनही फार कमी होते, म्हणजे तूटच नगण्य, कारण साठाच नव्हता. दोष पहिल्या पायरीवर असावा की दुसऱ्या? डॉक्टरांनी त्याला आर्जिनीन दिले. मेंदूतील ग्वानिडिनोअ‍ॅसिटेट वाढले, क्रिएटिन मात्र वाढले नाही. पहिली पायरी चालू आहे आणि माल दुसऱ्या पायरीपाशी अडून राहतो, हे त्यावरून दिसून आले. मग तयार क्रिएटिनच तोंडावाटे देण्यात आले. मेंदूतील प्रमाण वाढले, रक्तातले क्रिएटिनीन नेहमीच्या पातळीला आले आणि मुलाच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा झाली. यकृतातील विकराचाच हा जन्मजात दोष होता, हे १९९६ मध्ये सिद्ध झाले. पुढे पहिल्या विकराचा अभाव असलेली मुलेही आढळली व क्रिएटिनने त्यांनाही गुण आला. परंतु वाहक प्रथिनच सदोष असलेल्या मुलांना तयार क्रिएटिन देऊनही तसा उपयोग होत नाही, कारण त्यांच्या बाबतीत निर्मिती होते, पण आत जाण्याची वाट बंद असते.

व्यायामशाळांतून दररोज तीन ते पाच ग्रॅम क्रिएटिनची पूड घेण्याची जी वहिवाट पडली आहे, तिचा अर्थही याच हिशेबाने लावावा. दररोज तीन ग्रॅम घेतल्यास सुमारे महिन्याभरात स्नायूंतील साठा साधारण एक-पंचमांशाने वाढतो, ज्यांचा मूळ साठा कमी त्यांचा अधिक वाढतो, आणि स्नायू भरले म्हणजे पुढचे बहुतेक क्रिएटिन लघवीतून जसेच्या तसे निघून जाते. साठा वाढला की त्याच्या प्रमाणात तूटही वाढते, त्यामुळे रक्तातील क्रिएटिनीन थोडे वर सरकते. तपासणीच्या आदल्या रात्री मटणावर ताव मारला असला तरीही तसेच घडते, कारण शिजलेल्या मटणात आयते क्रिएटिनीन असते. मूत्रपिंड निकामी होऊ लागले तरी रक्तातील क्रिएटिनीन वाढते, आणि कागदावरचा आकडा पाहून या दोन वाढींतला फरक ओळखता येत नाही. अशा वेळी पूड व मांसाहार काही दिवस बंद ठेवून तपासणी पुन्हा करावी, आणि तरीही शंका उरल्यास सिस्टॅटिन-सी हे प्रथिन मोजून घ्यावे, ज्याचे प्रमाण क्रिएटिनच्या साठ्यावर व रात्रीच्या जेवणावर अवलंबून नसते. तो आकडा योग्य आला, तर वाढले आहे ते केवळ क्रिएटिनीन, आणि मूत्रपिंडांचे काम व्यवस्थित चालू आहे, असे समजण्यास हरकत नाही; तोही चढा आला, तर मात्र पूड बंद ठेवून मूत्रपिंडांच्या तज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये.