नाव नवं, करार जुनाच

११ जुलै २०२३ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘अझ्युअर ॲक्टिव्ह डिरेक्टरी’चं नव्याने बारसं केलं आणि नाव ठेवलं ‘मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडी’. सकाळी ऑफिसात लॉगिन करताना तुम्ही तुम्हीच आहात ना, हे तपासणारी ही सेवा. दर तेच, सेवेची हमी तीच, लॉगिनचा पत्ताही login.microsoftonline.com हाच राहिला. जुनं नाव उरलं ते करारांत.

ग्राहकाला पहिली शंका येते पैशांची. ‘नाव बदललं म्हणजे दर वाढवले असणार!’ म्हणून ईमेल लांबण लावणारा नको. आमचा मसुदा साधारण असा असतो:

‘स. न. वि. वि. आपल्या करारातील कलम १ मध्ये “अझ्युअर ॲक्टिव्ह डिरेक्टरी” ऐवजी “मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडी (पूर्वीचे नाव अझ्युअर ॲक्टिव्ह डिरेक्टरी)” असे वाचावे. शुल्क, सेवेची हमी, गोपनीयता, नुकसानभरपाईची मर्यादा, मुदत आणि करार संपवण्याची कलमे आहेत तशीच राहतील. हा नवा करार नव्हे. सोबतच्या दुरुस्तीपत्रावर सही करून पाठवावे.’

‘हा नवा करार नव्हे’ हे वाक्य उगाच घातलेलं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ नुसार दोन्ही पक्षांनी जुन्याच्या जागी नवा करार केला, तर जुना पाळण्याचं बंधन उरत नाही. नुसत्या नावासाठी ती वाट कुणाला मोकळी करून द्यायची? सहीचंही तसंच. दुरुस्ती दोघांच्या सहीनेच होईल, असं बहुतेक करारांत लिहिलेलं असतं. तिथे ईमेलने फक्त कळवता येतं, बदल होतो तो दुरुस्तीपत्राने.

व्याख्येच्या कलमात ‘यापुढे “सेवा” असे संबोधले जाईल’ असं लिहिलेलं असेल, तर काम एका ओळीत उरकतं. नाहीतर परिशिष्टं चाळावी लागतात, आणि तिथेच घोळ होतो. आमच्याकडे एका नवख्या सहकाऱ्याने ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ शोधून सगळीकडे नवं नाव भरलं. त्या करारात ग्राहकाच्या स्वतःच्या सर्व्हरवरच्या विंडोज सर्व्हर ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या देखभालीचंही कलम होतं. तिचं नाव कधी बदललंच नव्हतं! तो मसुदा तसाच सही होऊन गेला असता, तर त्या सर्व्हरची देखभाल कागदोपत्री करारातून गळाली असती. तेव्हापासून आम्ही पूर्ण नाव शोधतो आणि प्रत्येक जागा वाचूनच बदलतो.

राहता राहिला ग्राहकाचा हिशेब विभाग. खरेदी आदेशावर जुनं नाव आणि बिलावर नवं दिसलं, की बिल अडकतं. म्हणून ईमेलच्या शेवटी आम्ही एक ओळ घालतो: ‘आधीचे खरेदी आदेश व बिले जुन्या नावानेच वैध राहतील.’ आणि प्रत हिशेबनिसांनाही.