माळढोक फांदीवर बसवू नका!

सोलापूरजवळच्या नान्नजचे माळरान माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. समजा, शब्दांवरून चित्र बनवणाऱ्या संगणकाला आपण लिहिले, ‘बाभळीच्या फांदीवर बसलेला माळढोक.’ चित्र देखणे येईल, पण खोटे! माळढोकाच्या पायाला पुढे तीनच बोटे असतात. फांदीला मागून पकडणारे बोट त्याला नसते, म्हणून तो झाडावर बसतच नाही. त्याची जागा जमिनीवर, गवतात. फांदीच हवी असेल, तर त्याच माळावरचा खाटीक पक्षी निवडा. त्याला मागचे बोट असते आणि तो बाभळीच्या शेंड्यावर बसून भक्ष्य हेरतो. बाभळीचे काटे सरळ आणि जोडीजोडीने असतात, हेही लिहावे.

आता अंतराचा विचार करू. टेलिफोटो भिंगाच्या छायाचित्रात मागची झाडे पक्ष्याला चिकटल्यासारखी दिसतात. याचे खरे कारण छायाचित्रकार दूर उभा असतो हे होय. भिंग फक्त दूरचा लहान भाग मोठा करून दाखवते. एक मीटर उंचीचा माळढोक आणि त्याच्या ४० मीटर मागे तीन मीटरची बाभूळ घ्या. पक्ष्यापासून १० मीटरवरून पाहिल्यास बाभूळ ५० मीटरवर असते आणि पक्ष्याच्या ०.६ पट दिसते. ८० मीटरवरून पाहिल्यास ती १२० मीटरवर असते आणि पक्ष्याच्या दुप्पट दिसते. म्हणून ‘टेलिफोटो’ एवढाच शब्द न लिहिता अंतर आणि मागच्या झाडाचे प्रमाणही सांगावे.

पिसांच्या बाबतीत ‘अतिशय स्पष्ट’ असे लिहिले, की चोचीपासून शेपटीपर्यंत सारखीच रेखीव, एकाच ठशाची पिसे येतात. खरी पिसे कौलांसारखी एकावर एक, मागच्या दिशेने बसलेली असतात. मानेवरची बारीक, तर पंखांच्या टोकाची लांब असतात. शिवाय दुपारी तापलेल्या माळावर हवा थरथरते. तेव्हा ८० मीटरवरचे प्रत्येक पीस स्पष्ट दिसणे शक्यच नाही. म्हणून वेळ सकाळची घ्यावी.

या सर्वांवरून वर्णन असे होईल: ‘सकाळचे तिरपे ऊन. सुक्या गवतात जमिनीवर उभा नर माळढोक. डोक्यावर काळी टोपी, पांढरट मान, छातीवर काळा पट्टा, तपकिरी पाठीवर बारीक नागमोडी रेषा. ८० मीटरवरून, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून टेलिफोटो भिंगाने घेतलेले दृश्य. मागे पक्ष्याच्या दुप्पट उंच दिसणारी, अस्पष्ट बाभूळ. डोळा व मान स्पष्ट, पुढचे गवत पुसट.’

चित्र आल्यावर प्रथम पायाची बोटे मोजा, मग पिसांची दिशा पाहा. शेवटी चित्राखाली ‘संगणकनिर्मित’ असे ठळक लिहा. नान्नजला आता माळढोक क्वचितच दिसतो. अशा वेळी हुबेहूब पण बनावट चित्र कोणी खरी नोंद समजले, तर नसलेला पक्षी गणतीत शिरेल.