जास्त माल घेताय? मग एजन्सीवाल्याशी भाव नेमका कशावर ठरवायचा?

"सर, मी एकदम पंचवीस पेट्या घेतो म्हटलं तरी एजन्सीवाला भाव कमी करत नाही, काय करू?" किराणा आणि जनरल स्टोअर्स चालवणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. आज त्याच्यावरच बोलू. समजायला सोपं जावं म्हणून एकच माल घेऊ: कपडे धुण्याचा साबण. आणि एकच दुकान घेऊ, समजा जिंतूरमधलं. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बिलावरचे आकडे टाकून हेच गणित तुम्हाला करायचं आहे.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. कंपनीच्या पॅकबंद मालाचा भाव एजन्सीवाला स्वतःच्या मनाने ठरवत नाही. कंपनी त्याला एका भावाने माल देते, दुकानदाराला कोणत्या भावाने द्यायचा तेही तीच सांगते, आणि मधलं त्याचं मार्जिन बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यांतच असतं. त्यातून टेम्पोचं डिझेल, सेल्समनचा पगार, गोडाऊनचं भाडं आणि आपल्यासारख्यांची उधारी निघते.

आठवत असेल, डिसेंबर २०२१ मध्ये वितरकांच्या 'ऑल इंडिया कन्झ्युमर प्रॉडक्ट्स डिस्ट्रिब्युटर्स फेडरेशन' या संघटनेने कंपन्यांना पत्र लिहिलं होतं. तक्रार अशी होती, की आमच्याकडून दुकानदाराला ८ ते १२ टक्के मार्जिन मिळतं, आणि मोठ्या ऑनलाइन घाऊक कंपन्या त्याच दुकानदाराला १५ ते २० टक्के देतात. मग आमच्याकडून माल कोण घेणार? १ जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठाही थांबवला होता. म्हणजे बघा, मोठ्या खरेदीचा भाव आपल्याला का मिळत नाही, म्हणून खुद्द एजन्सीवालेच भांडत होते. त्यामुळे "शेठ, दोन रुपये कमी करा" म्हटल्यावर तो मान हलवतो, त्यात दर वेळी त्याची चलाखी नसते. त्याच्या खिशात तेवढे पैसेच नसतात.

मग घासाघीस कुठे करायची? त्याच्या हातात जे आहे तिथे. कंपनी वेळोवेळी स्कीम देते, म्हणजे इतक्या पेट्यांवर इतक्या फुकट. ती किती पेट्यांपासून लागू करायची यात थोडी ढील असू शकते. रोखीवर सूट द्यायची का, हे बऱ्याचदा तोच ठरवतो. उधारीचे दिवस, माल एका खेपेत द्यायचा की दोन, न खपलेला माल परत घ्यायचा का, हेही त्याच्याकडेच असतं. तुमच्या पेटीचा खरा भाव या सगळ्यातून बनतो.

आता गणित करू. साबणाची वडी छापील किमतीला १० रुपये, तुम्हाला पडते ९ रुपयांना. एका पेटीत ६० वड्या, म्हणजे पेटी ५४० रुपयांची. तुमच्या दुकानात महिन्याला ४ पेट्या खपतात. नेहमी तुम्ही दर आठवड्याला एक पेटी घेता, पंधरा दिवसांच्या उधारीवर. माल विकून आलेल्या पैशातूनच बिल फिटतं, तुमचं स्वतःचं भांडवल अडकत नाही.

एक दिवस सेल्समन येतो आणि म्हणतो, "दादा, २४ पेट्यांवर २ फ्री आहेत, पण रोख लागेल." २४ पेट्यांचे १२,९६० रुपये द्यायचे आणि २६ पेट्या घ्यायच्या. पेटी पडली साधारण ४९८ रुपयांना, वडी ८ रुपये ३१ पैशांना. नेहमीच्या भावाने २६ पेट्यांना १४,०४० रुपये लागले असते. म्हणजे १,०८० रुपये वाचले. इथे सगळे खूश होतात आणि ऑर्डर देऊन टाकतात.

थांबा. महिन्याला ४ पेट्या खपतात, म्हणजे २६ पेट्या संपायला साडेसहा महिने लागणार. पहिल्या दिवशी १२,९६० रुपये अडकले, शेवटच्या दिवशी शून्य. सरासरी अर्धे, म्हणजे ६,४८० रुपये साडेसहा महिने अडकून राहिले. हा पैसा तुम्ही शेकडा दोन रुपये महिना व्याजाने आणला असेल तर व्याज झालं ८४२ रुपये. १,०८० मधून ८४२ गेले, हातात राहिले २३८ रुपये. साडेसहा महिन्यांत! त्यात एखादी पेटी पावसात ओली झाली किंवा उंदरांनी कुरतडली, की हिशोब उलटा फिरतो.

मग आता तेच बोलणं वेगळं करू. "शेठ, मला २४ वर २ नको. १२ वर १ द्या, १२ चे पैसे आत्ता रोख देतो." प्रमाण तेच आहे, पेटीचा भावही तोच पडतो. पण आता तुम्ही ६,४८० रुपये देऊन १३ पेट्या घेतल्या, त्या सव्वातीन महिन्यांत संपतात. वाचले ५४० रुपये. सरासरी ३,२४० रुपये सव्वातीन महिने अडकले, त्याचं व्याज साधारण २११ रुपये. हातात राहिले ३२९.

लक्षात आलं का? ऑर्डर निम्मी, वेळ निम्मा, आणि नफा २३८ ऐवजी ३२९. म्हणून मोठ्या ऑर्डरची बोलणी करताना "अजून सूट द्या" यापेक्षा "हीच सूट कमी पेट्यांवर द्या" हे मागणं बऱ्याचदा जास्त फायद्याचं असतं. आणि हे त्यालाही जड जात नाही, कारण कंपनीकडून येणाऱ्या फुकट पेट्यांचं प्रमाण तेच राहतं.

"पण सर, तो म्हणेल की कंपनीची स्कीम २४ वरच आहे." बरोबर, म्हणू शकतो, आणि कधी कधी ते खरंही असतं. तेव्हा दोन रस्ते आहेत. पहिला, शेजारच्या दुकानदाराला, किंवा बोरी-चारठाण्याकडच्या ओळखीच्या दुकानदाराला बरोबर घ्या. दोघांची मिळून २४ पेट्यांची ऑर्डर, पण एजन्सीकडून बिलं दोन, प्रत्येकाच्या नावाने आपापलं. एकाच्या नावावर सगळं बिल घेऊन नंतर आपसात वाटणी करू नका. जीएसटीचा आणि मैत्रीचा, दोन्हीचा घोळ होतो. दुसरा रस्ता, साबण आणि त्याच कंपनीची पावडर मिळून २४ पेट्या मोजता येतील का, ते विचारा. काही स्कीममध्ये तसं चालतं.

त्याने का ऐकावं? तुम्ही त्याचा खर्च वाचवताय म्हणून. परभणीहून जिंतूरला टेम्पो दर आठवड्याला एक पेटी टाकायला तुमच्या दारात थांबतो, दर वेळी बिल बनतं, दर वेळी सेल्समन वसुलीला येतो. १३ पेट्या एकदम आणि रोख म्हणजे त्याची वसुलीची कटकट गेली. हे त्याला बोलून दाखवा: "नेहमीच्या रूटच्या गाडीत टाका, वेगळी खेप नको. पैसे माल उतरताच देतो." आणि वेळ साधा. महिन्याच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत त्याला कंपनीचं टार्गेट पूर्ण करायचं असतं. पाच तारखेला नाही म्हणणारा माणूस सत्तावीस तारखेला स्वतः फोन करतो, बरं का.

मात्र महिना कोणता, हेही बघा. आपल्याकडे गिऱ्हाइकाच्या हातात पैसा येतो तो सोयाबीन आणि कापूस विकल्यावर, म्हणजे ऑक्टोबरपासून पुढे. त्यात दिवाळीची साफसफाई आली, की महिन्याला ४ पेट्या खपणारा साबण ६-७ पेट्यांवरही जाऊ शकतो. तेव्हा १३ पेट्या दोन महिन्यांत संपतील आणि फायदा वाढेल. तीच ऑर्डर जुलैमध्ये दिली, तर पेरणीत पैसा गेलेला असतो, गिऱ्हाईक उधारीवर नेतं, आणि तुमचे पैसे दोन ठिकाणी अडकतात: अर्धे रॅकवर, अर्धे उधारीच्या वहीत. म्हणून आकडा अंदाजाने धरू नका, मागच्या तीन महिन्यांची बिलं काढून पेट्या मोजा.

ठरलं? मग माल उतरवून घेताना बिल हातात घ्या आणि तीन गोष्टी तपासा. फुकट पेटी किंवा सूट बिलावर लिहिलेली आहे का? "पुढच्या बिलात वळती करतो" हे तोंडी चालत नाही. सेल्समन बदलला की विषय संपला. सूट बिलावरच दाखवली असेल, तर जीएसटीही सूट वजा जाऊन उरलेल्या रकमेवरच लागतो. दुसरं, फुकट पेटीवरची उत्पादनाची तारीख. साबणाला फार फरक पडत नाही, पण बिस्कीट-फरसाणाच्या स्कीममध्ये जुना माल फुकटच्या नावाखाली येऊ शकतो. तिसरं, फुकट आलेला माल तुम्ही मागितलेलाच आहे का. साबणावर न खपणारा शाम्पू फुकट मिळाला, तर ती सूट नाही, ते रॅकवरचं ओझं आहे.

आणि एक मर्यादा सांगून ठेवतो. जो माल महिन्याला पेटीभरही खपत नाही, त्याच्यावर ही बोलणी करूच नका. तिथे उधारीचे दिवस आणि माल परत घेण्याची हमी मागा, भाव राहू द्या तसाच.

आता तुमचं काम: दुकानातला सगळ्यात जास्त खपणारा एक माल निवडा. महिन्याचा खप, पेटीचा भाव, स्कीम आणि अडकणाऱ्या पैशाचं व्याज, हे चार आकडे कागदावर मांडा आणि सेल्समन येण्याआधी उत्तर काढून ठेवा. किती निघालं ते कमेंटमध्ये लिहा, गणित कुठे अडलं तर तेही विचारा.