दिव्यातला ‘दि’ लघू की गुरू?

काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांनी भुजंगप्रयातातली आपली दीर्घ कविता माझ्याकडे तपासायला पाठवली होती. छंदशास्त्र मी कुठल्या वर्गात बसून शिकलेलो नाही. माधव जूलियनांची ‘छंदोरचना’ आणि वहीतली उलटसुलट आकडेमोड एवढीच माझी शाळा. तेव्हा नुकताच मी संगणकावर वृत्त तपासणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. त्यातून कविता काढली आणि ‘वृत्तभंग’ असा शेरा मारलेल्या अकरा ओळी त्यांना परत पाठवल्या. उत्तरादाखल पोस्टकार्ड आले. त्यावर एकच वाक्य होते : ‘या ओळी एकदा मोठ्याने म्हणून पाहा.’

म्हणून पाहिल्या. अकरांपैकी नऊ ओळी निर्दोष होत्या. चूक माझ्या नियमात होती. ती कशी झाली आणि खरी मोडलेली ओळ कशी ओळखायची, हे इथे सांगायचे आहे.

भुजंगप्रयात आपल्या कानांत ‘मनाच्या श्लोकां’मुळे बसलेले आहे. प्रत्येक चरणात चार ‘य’ गण, म्हणजे ‘यमाचा’ या शब्दाचे वजन चार वेळा : ल गा गा, ल गा गा, ल गा गा, ल गा गा. ‘ल’ म्हणजे लघू, ‘गा’ म्हणजे गुरू. एकूण अक्षरे बारा. पहिले, चौथे, सातवे आणि दहावे अक्षर लघू, बाकी सगळी गुरू. त्या शिक्षकांची कविता इथे छापणे योग्य नाही, म्हणून तिच्यातल्यासारखेच प्रश्न उभे करणाऱ्या चार ओळी मी रचल्या आहेत. काव्य म्हणून त्यांच्याकडे पाहू नये.

नदीच्या किनारी उभा तू कधीचा
उन्हाच्या दुपारी तुझ्या सावलीला
गुरे थांबती अन् मुले खेळताती
मलाही मिळाला विसावा क्षणभर

तपासणीची रीत साधी आहे. आधी ओळीची अक्षरे सुटी करायची. जोडाक्षर एकच अक्षर धरायचे, आणि ‘अन्’मधल्या न् सारखे पाय मोडलेले व्यंजन मागच्या अक्षरात मिळवायचे. मग अ, इ, उ, ऋ असलेले अक्षर लघू, बाकीचे गुरू. अनुस्वार, विसर्ग किंवा मिळवलेले पाय मोडके व्यंजन असले तर गुरू. पुढे जोडाक्षर आले तर मागचे लघू अक्षरही गुरू. शेवटी ही मांडणी वृत्ताच्या मांडणीखाली ठेवायची आणि न जुळणाऱ्या अक्षराचा क्रमांक टिपायचा.

पहिली आणि तिसरी ओळ या चाळणीतून सहज पार होते. दुसरी अडकते. ‘उन्हाच्या’मधल्या ‘उ’पुढे ‘न्हा’ आहे आणि ‘तुझ्या’मधल्या ‘तु’पुढे ‘झ्या’. नियमाप्रमाणे दोन्ही गुरू झाले आणि प्रोग्रामने मांडणी दिली : गा गा गा, ल गा गा, गा गा गा, ल गा गा. पहिल्या आणि सातव्या अक्षरावर वृत्तभंग!

आता ओळ मोठ्याने म्हणा. ‘सत्य’ म्हणताना ‘स’वर त्‌चा आघात येतो, ‘सत्-त्य’ असे काहीसे ऐकू येते. ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर असा आघात येत नाही. जीभ न थांबता ‘झ्या’वर जाते. मागच्या अक्षराला गुरू करतो तो हा आघात. जोडाक्षर ही त्याची कागदावरची खूण, आणि संस्कृतात ती खूण भरवशाची आहे. मराठीत पुन्हा, तुम्ही, उन्हाळा, तुझ्या, दुसऱ्या अशा शब्दांत खूण असते, आघात नसतो. त्यामुळे दुसरी ओळ निर्दोष आहे.

मी लगेच सुधारणा केली : जोडाक्षरात शेवटी ‘ह’ किंवा ‘य’ असेल तर आघात धरायचा नाही. हीही फसली. ‘चिन्ह’मध्ये ‘न्ह’च आहे, पण ‘चि’ गुरू आहे. ‘विद्या’मध्ये ‘द्या’ आहे, पण ‘वि’ गुरू आहे. ‘र’च्या बाबतीत आपल्या लिपीनेच सोय केली आहे : समुद्र तो ‘दर्या’, त्यात ‘द’ गुरू, डोंगरातल्या त्या ‘दऱ्या’, त्यात ‘द’ लघू. इतर अक्षरांना अशी सोय नाही. ‘दिव्याचा’ हा शब्द घ्या. ‘दिवा’पासून आला असेल तर दिव्याचा : ल गा गा. अग्निदिव्यातल्या ‘दिव्य’पासून आला असेल तर दिव्याचा : गा गा गा. अक्षरे तीच, वजन वेगळे. इथे अर्थ कळल्याशिवाय मोजणीच होत नाही.

मग सगळा भार कानावर टाकावा का? चौथी ओळ त्याला नकार देते. बोलताना आपण ‘क्षणभर’ हा शब्द ‘क्षण्-भर्’ असा दोनच ठोक्यांत उच्चारतो. घाईत म्हटले तर ओळीचा तोल गेल्यासारखा वाटत नाही. पण अक्षरगणवृत्तात लिहिलेला ‘अ’ पूर्ण मोजला जातो. क्ष, ण, भ, र अशी चार अक्षरे धरली की ओळ तेरा अक्षरांची होते, आणि अकराव्या जागी गुरू हवा तिथे लघू ‘ण’ येतो. चरणाचे शेवटचे अक्षर लघू असले तरी गुरू धरण्याची मुभा असते, पण तीही इथे कामी येत नाही. ओळ खरोखर मोडली आहे. ‘विसावा घडीचा’ केले की ती सरळ होते.

हाच न्याय तिसऱ्या ओळीला लावून पाहा. बोलताना आपण ‘थांब्ती’, ‘खेळ्ताती’ म्हणतो. त्या हिशेबाने ओळीत दहाच अक्षरे उरतील. वृत्तात म्हणताना मात्र ‘ब’ आणि ‘ळ’ पूर्ण उच्चारावे लागतात आणि ओळ बाराची होते. थोडक्यात, जोडाक्षराचा निवाडा कानाने करायचा आणि ‘अ’चा निवाडा कागदाने. माझी पहिली चूक ही, की दोन्ही मी कागदावर सोपवले होते.

कागदही कधी कधी बदललेला असतो. जुन्या वळणाची ही ओळ पाहा : ‘तुझी प्रीति माझ्या घरी आज आली’. चौथे अक्षर ‘ति’ लघू आहे, वृत्त चोख आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962च्या नियमांप्रमाणे अशा तत्सम शब्दांचा अंत्य इकार दीर्घ लिहायचा. मुद्रितशोधकाने ‘प्रीती’ केले की चौथ्या जागी गुरू येतो. वृत्ताच्या बंधनासाठी ऱ्हस्वदीर्घाचे स्वातंत्र्य कवीला याच नियमांनी दिलेले आहे, पण छापखान्यात ते बहुधा कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून शब्दाअंती दीर्घ ई-ऊ आल्यामुळे ओळ अडली, तर कवीला दोष देण्याआधी मी हस्तलिखित किंवा पहिली आवृत्ती पाहतो.

आता माझा प्रोग्राम ओळींची तीन गटांत वाटणी करतो : बसते, बसत नाही, आणि ‘म्हणून पाहा’. आघाताविषयी शंका असलेली प्रत्येक ओळ तिसऱ्या गटात जाते. ओळ परत करताना नुसता ‘वृत्तभंग’ असा शेरा मी लिहीत नाही. कितवे अक्षर, तिथे काय हवे होते, काय आले आणि मी ते तसे का मोजले, एवढे लिहितो. म्हणजे चूक माझी असेल तर कवीला ती दाखवता येते.

त्या शिक्षकांना मी नऊ ओळींबद्दल क्षमा मागणारे पत्र लिहिले आणि उरलेल्या दोन ओळींवर ठाम राहिलो. एकीत ‘क्षणभर’सारखाच शब्द होता. तो त्यांनी बदलला. दुसरीत ‘दिव्यात’ होते आणि मी ते दिवा समजून ‘दि’ लघू धरला होता. त्यांचे दुसरे पोस्टकार्ड आले : ‘ती सीतेची ओळ आहे.’ म्हणजे अकरांत मोडलेली ओळ एकच होती.