डायफ्रॅम, स्त्रियांचा कंडोम आणि शुक्राणूनाशक गोळी : हे पर्याय कुणासाठी योग्य, कुणासाठी नाहीत?

समजा, उलव्यात राहणारी ३४ वर्षांची एक बाई आहे. दोन मुलं झाली आहेत, तिसरं नको आहे. नवरा पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवारी घरी येतो. तिला अर्धशिशीचा त्रास आहे. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी चमचमत्या रेषा दिसतात. अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या देत नाहीत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. पाळीत रक्तस्राव आधीच जास्त होतो, त्यामुळे तांबी नको वाटते. इंजेक्शनही नको आहे. नवरा कंडोम वापरायला कधी तयार असतो, कधी नसतो.

मग तिच्या स्वतःच्या हातात काय उरतं? याचं उत्तर शोधताना तीन साधनं समोर येतात. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या कंडोम, गोळ्या, 'अंतरा' इंजेक्शन आणि तांबी यांच्या यादीत ती सहसा नसतात, म्हणून त्यांच्याबद्दल बोललंही कमी जातं.

मराठी समाजाला हा विषय तसा नवा नाही. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. तेव्हा गर्भनिरोधक गोळ्या नव्हत्या. गर्भाशयाच्या तोंडावर बसणारी रबरी टोपी हे त्या काळी जगभर स्त्रियांचं एक मुख्य साधन होतं. आजचा डायफ्रॅम हे तिचंच सुधारलेलं रूप.

डायफ्रॅम कसा काम करतो?

डायफ्रॅम म्हणजे मऊ सिलिकॉनची उथळ वाटी. तिची कड लवचिक असते. ती दुमडून योनीमार्गात सरकवली की आत उघडते आणि गर्भाशयमुख झाकते. पण वाटीच्या कडेने शुक्राणू निसटू शकतात, म्हणून आधी तिच्यात शुक्राणूनाशक जेल लावावं लागतं. नुसती वाटी पुरेशी नाही.

सगळ्यात जास्त चुका वेळेच्या बाबतीत होतात. संबंधानंतर डायफ्रॅम किमान ६ तास आतच ठेवायचा, कारण तोवर शुक्राणू जिवंत असू शकतात. मात्र २४ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. जास्त वेळ राहिला तर जंतुसंसर्गाचा धोका असतो. बसवल्यावर बोटाने तपासायचं. नाकाच्या शेंड्यासारखा लागणारा टणक गोळा वाटीखाली जाणवला, तर गर्भाशयमुख नीट झाकलं गेलं आहे.

बऱ्याच डायफ्रॅमसाठी डॉक्टरांकडून माप घ्यावं लागतं. बाळंतपणानंतर ६ आठवडे तो वापरत नाहीत आणि नंतर माप पुन्हा तपासतात. ज्यांना वारंवार लघवीचा संसर्ग होतो त्यांचा त्रास याने वाढू शकतो. शिवाय आपल्याकडे डायफ्रॅम आणि जेल नेहमीच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाहीत. त्यामुळे आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारणं बरं.

स्त्रियांचा कंडोम कसा वापरतात?

ही एका बाजूने बंद असलेली सैल पिशवी असते. बंद टोक आत जातं. उघड्या टोकाची कडी बाहेर राहते आणि बाहेरचा भागही थोडा झाकते. काही कंडोममध्ये तो आत टिकवायला एक लवचिक कडी असते. नाशिकजवळ सिन्नर इथे तयार होणाऱ्या स्त्री-कंडोममध्ये कडीऐवजी स्पंज असतो. म्हणजे ही वस्तू परदेशातूनच आणावी लागते असं नाही.

तो संबंधाच्या काही तास आधी, काही प्रकार तर ८ तास आधीही, बसवता येतो. ऐन वेळी थांबावं लागत नाही आणि पुरुषाच्या मर्जीवरही सगळं अवलंबून राहत नाही. तिघांपैकी एड्ससह लैंगिक संसर्गांपासून संरक्षण देणारं साधन हे एकच.

नेहमीची चूक अशी की लिंग पिशवीत न जाता तिच्या बाजूने जातं, किंवा बाहेरची कडी आत ढकलली जाते. म्हणून सुरुवातीला कडी हाताने धरून ठेवायची. पुरुषाने त्याच वेळी आपला कंडोम वापरायचा नाही, कारण घर्षणाने दोन्ही सरकू किंवा फाटू शकतात. काढताना बाहेरच्या कडीला पीळ द्यायचा म्हणजे वीर्य सांडत नाही. मग कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचा. प्रत्येक वेळी नवा लागतो आणि पुरुषांच्या कंडोमपेक्षा महाग पडतो.

शुक्राणूनाशक गोळी एकटी पुरेशी आहे का?

यातलं नेहमीचं औषध म्हणजे नॉनॉक्सिनॉल-९. ते शुक्राणूचं बाहेरचं आवरण फोडतं. गोळी योनीमार्गात खोलवर ठेवायची आणि विरघळायला साधारण १० ते १५ मिनिटं द्यायची. नेमकी वेळ पाकिटावर असते. परिणाम सुमारे तासभर टिकतो. पुन्हा संबंध आला की नवी गोळी. नंतर ६ तास आतून धुवायचं नाही, नाहीतर औषध वाहून जातं.

'रोज वापरू, काय होतंय' असं मात्र करू नये. वारंवार वापराने योनीच्या आतल्या त्वचेची जळजळ होते आणि बारीक इजा होतात. त्यातून एचआयव्हीचा शिरकाव सोपा होतो. ज्यांना एचआयव्हीचा धोका जास्त आहे त्यांनी हे औषध टाळावं, मग ते गोळीतलं असो की डायफ्रॅमसोबतच्या जेलमधलं.

किती भरवसा ठेवायचा?

रोजच्या आयुष्यात, चुका-विसर धरून, १०० बायकांनी वर्षभर साधन वापरलं तर डायफ्रॅम आणि जेल वापरणाऱ्यांपैकी सुमारे १७ जणींना गर्भ राहतो. स्त्री-कंडोम किंवा एकटं शुक्राणूनाशक वापरणाऱ्यांत सुमारे २१ जणींना. पुरुषांच्या कंडोममध्ये हा आकडा १३ आहे, तांबीत १ पेक्षाही कमी. काहीच वापरलं नाही तर ८५.

फरक पडतो तो शिस्तीने. स्त्री-कंडोम दर वेळी आणि अचूक वापरला तर २१ चा आकडा ५ वर येतो. एकटं शुक्राणूनाशक मात्र अचूक वापरूनही १६ च्या आसपासच राहतं.

मग उलव्याच्या त्या बाईने काय करावं?

संबंध आठवड्यातून एक-दोनदाच, इस्ट्रोजेन चालत नाही आणि साधन स्वतःच्या हातात हवं आहे. तिच्यासाठी स्त्री-कंडोम हा समजून केलेला पर्याय ठरू शकतो. पहिल्या दोन-तीन वेळा तो एकटीने बसवून पाहावा. सरकला किंवा फाटला तर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, लेव्होनॉरजेस्ट्रेलची तातडीची गोळी घ्यावी. या गोळीत इस्ट्रोजेन नसल्याने अर्धशिशी असली तरी ती घेता येते. पाळी आठवडाभर लांबली तर घरीच चाचणी करावी.

बाळाला पाजणाऱ्या आईलाही ही साधनं चालतात, कारण त्यांत हार्मोन नसतात. पण गर्भ राहिला तर जिवाला धोका आहे, उदाहरणार्थ गंभीर हृदयविकार आहे, तर या तिघांवर अवलंबून राहू नये. 'चुकून राहिलाच तर आपण काय करू?' या प्रश्नाचं उत्तर घरात ठरलेलं नसेल, तरीही तांबीसारख्या जास्त खात्रीच्या साधनाबद्दल डॉक्टरांशी आधी बोलावं. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्यांसाठी हार्मोनची तांबीही असते. ती रक्तस्राव कमी करते आणि तिच्यात इस्ट्रोजेन नसतं.