लेकीच्या बाळंतपणाला जाताना रजा

लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण आई नोकरीला असली तर घरी लेकीजवळ कोण थांबणार? मग लेक आपल्याच शहरात बाळंत होते, आणि आईच तिकडे जाते. त्यासाठी रजा हवी.

समजा, एक बाई तहसील कचेरीत कायम शिपाई आहेत. लेक पुण्याला. बाईंना सव्वा महिना तिच्याजवळ राहायचे आहे.

आता प्रसूती रजा मिळते ती बाळंतिणीला. तिच्या आईसाठी सरकारी नियमांत वेगळी रजा नाही. बाईंनी आपल्या खात्यावरची रजाच खर्च करायची. शिल्लक किती, हे कारकुनाला आधीच विचारावे. बाईंची अर्जित रजा निघाली 22 दिवस. ही पुऱ्या पगाराची. अर्धवेतनी रजा निघाली 14 दिवस. तिला पगार निम्मा.

बाईंनी सोमवारपासून पाचव्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत रजा मागितली. हे झाले 33 दिवस. मधले शनिवार-रविवारही यात धरले जातात, बरं का! 22 दिवस अर्जित आणि 11 दिवस अर्धवेतनी. म्हणजे सुमारे साडेपाच दिवसांचा पगार बुडेल. पण आधीचे दोन आणि नंतरचे दोन सुट्टीचे दिवस जोडायला त्यांनी अर्जातच परवानगी मागितली. ते दिवस रजेत मोजत नाहीत. झाले 37 दिवस, सव्वा महिना!

किरकोळ रजा मात्र यात जोडता येत नाही. आणि आपण आजारी आहोत असा खोटा दाखला कधीही देऊ नये. ते अंगाशी येते. "मुलीच्या बाळंतपणासाठी" असे खरे कारण लिहावे. पुण्याचा पत्ताही लिहावा.

तारखेचे काय? डॉक्टरांची तारीख अंदाजाची असते. मूल आठवडाभर आधी येते, नाही तर नंतर येते. आई आधीच जाऊन बसली, तर रजा वाट पाहण्यातच संपते. म्हणून बाईंनी महिनाभर आधी साहेबांना सांगून ठेवले. दवाखान्यात सासूबाई थांबल्या. लेक घरी आली, तशी बाईंची रजा सुरू झाली. खरी गरज तेव्हाच असते. रात्री बाळ रडते, अंघोळ घालायची असते, बाळंतिणीला गरम जेवण हवे असते.

रजा मंजूर झाल्याचा कागद हाती आल्याशिवाय गाडीत बसू नये. नुसते तोंडी "जा" पुरत नाही. साहेब बदलले तर ते तोंडी बोलणे कोण मानणार? मग गैरहजेरी लागते.

मुक्काम वाढवायचा झाला तर रजा संपण्याआधीच अर्ज धाडावा. पण एक हिशेब ध्यानात घ्या. बाईंची अर्धवेतनी रजा 3 दिवस उरली आहे. रजा वाढली, की शेवटचे शनिवार-रविवार मधले दिवस होतात आणि मोजले जातात. तीन दिवस खर्चूनही कामाचा एक सोमवारच पदरात पडतो.