गरोदरपणात केस दाट आणि तेलकट का होतात? गडचिरोली-चंद्रपूरच्या लेकीसुनांनी हे वाचायलाच हवं

मंडळी, पाचवा-सहावा महिना लागला की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बघा, हिची वेणी कशी जाड झाली!" कंगव्यात पूर्वी जो गुंता निघायचा तो निघत नाही, अंबाडा मोठा दिसतो. सोबत तक्रारही येते, "काल केस धुतले आणि आज पुन्हा चिप्प!" मग सुरू होतात अंदाज. कुणी म्हणतं मुलगा होणार, कुणी म्हणतं मुलगी. कुणी म्हणतं अंगात रक्त भरलंय, म्हणून केसांवर तेज आलंय.

यातला शेवटचा अंदाज सगळ्यात धोक्याचा आहे. का ते समजून घ्यायचं तर आधी केसांचा हिशोब बघावा लागेल.

केस वाढत नाहीत, गळायचे थांबतात

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचं स्वतःचं वेळापत्रक असतं. तो दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याचं मूळ आवळतं, आणि त्यानंतर साधारण तीन महिने तो नुसता बसून राहतो. या विश्रांतीनंतर तो गळतो आणि त्याच छिद्रातून नवा केस वर येतो. सगळे केस एकाच वेळी विश्रांतीला जात नाहीत, म्हणून आपल्याला टक्कल पडत नाही.

एरवी शंभरातले साधारण दहा केस विश्रांतीत असतात. म्हणजे एक लाखातले दहा हजार. ते शंभर दिवसांत गळणार, म्हणजे रोजचे शंभर केस. कंगव्यात, उशीवर, न्हाणीत मिळून एवढे केस जाणं अगदी नेहमीचं आहे.

गरोदरपणात वार तयार होते आणि तिच्यातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात रक्तात येऊ लागतं. इस्ट्रोजेनमुळे केसांचा वाढीचा काळ लांबतो. ज्या केसाची विश्रांतीची पाळी आली होती, तो आणखी काही महिने वाढतच राहतो. 1960 साली लिनफील्ड या संशोधिकेने गरोदर स्त्रियांच्या केसांची मुळं तपासली. तेव्हा दुसऱ्या तिमाहीपासून वाढत्या केसांचं प्रमाण शंभरात पंच्याण्णवच्या आसपास दिसलं. म्हणजे विश्रांतीत उरले फक्त पाच हजार, आणि रोजची गळती आली शंभरावरून पन्नासावर.

आता गुणाकार करा. रोज पन्नास केस वाचले तर सहा महिन्यांत नऊ हजार केस डोक्यावर जास्तीचे राहिले. वेणी जाड दिसते ती यामुळे. एकेका केसाची जाडीही थोडी वाढते असं मोजमापात दिसलं आहे, पण डोक्यावरची छिद्रं तेवढीच राहतात. नवी छिद्रं तयार होत नाहीत.

आणि हो, इस्ट्रोजेन वारेतून येतं, पोटात मुलगा असो की मुलगी. त्यामुळे वेणीवरून बाळाचा अंदाज बांधता येत नाही.

मग तेलकटपणा कुठून आला?

केसाच्या प्रत्येक मुळाशी एक छोटी तेलग्रंथी असते. ती जे तेल सोडते ते टाळू मऊ ठेवतं. गंमत म्हणजे इस्ट्रोजेनमुळे हे तेल कमी व्हायला हवं. पण गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन आणि अँड्रोजेन गटातली संप्रेरकंही वाढलेली असतात, आणि अँड्रोजेन म्हणजे तेलग्रंथींना मिळणारा चाबूकच. या ओढाताणीत कुणाची बाजू वरचढ ठरेल हे प्रत्येकीच्या शरीरावर अवलंबून असतं. बऱ्याच जणींचं तेल वाढतं, विशेषतः शेवटच्या महिन्यांत. काहींचे केस उलट कोरडे पडतात. दोन्ही नेहमीचंच आहे.

आपल्याकडे यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे घाम. गरोदरपणात अंगाची उष्णता आणि घाम दोन्ही वाढतात, आणि चंद्रपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या आसपास असतो. घामामुळे टाळूवरचं तेल केसांवर पसरतं. दुसरी म्हणजे वरून लावलेलं तेल. जवस, करंज किंवा मोहाच्या बियांचं तेल केसांवर थर करून बसतं. मोहाचं तेल तर थंडीत थिजतं, इतकं जड असतं. वरून लावलेलं तेल आतल्या ग्रंथीला थांबवत नाही आणि वाढवतही नाही, फक्त थरावर थर चढतो. त्या थरावर टाळूवरची बुरशी पोसते आणि पिवळसर, चिकट कोंडा धरतो.

म्हणून या महिन्यांत तेल केसांच्या टोकांना लावा, टाळूवर चोपडू नका. डोकं आठवड्यातून दोन-तीनदा रिठा, शिकेकाई किंवा साध्या शाम्पूने धुवा. पाणी कोमट घ्या. गरोदर बाईने डोक्यावरून पाणी घेतलं की बाळाला सर्दी होते, या समजुतीला काही आधार नाही. खाज, पुरळ किंवा फोड दिसले तर कुठलंही औषध स्वतःच्या मनाने न लावता उपकेंद्रात दाखवा.

दाट वेणी म्हणजे भरपूर रक्त नाही

आता त्या धोक्याच्या अंदाजाकडे येऊ. केस दाट झाले ते इस्ट्रोजेनमुळे. रक्त किती आहे हे इस्ट्रोजेन सांगत नाही. हिमोग्लोबिन नऊवर आलेल्या बाईचीही वेणी पाचव्या महिन्यात जाड दिसू शकते, आणि घरचे म्हणतात, "हिला काय झालंय, चांगली टवटवीत आहे, गोळ्या कशाला?"

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय, आणि 7 च्या खाली गेलं की तो तीव्र. हे केस बघून कळत नाही, बोटाला सुई टोचूनच कळतं. चालताना दम लागणं, खालची पापणी आणि नखं पांढुरकी दिसणं, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही लक्षणं दिसली तर वेणी कितीही जाड असो, तपासणी लांबवू नका.

चौथ्या महिन्यापासून मिळणारी लाल गोळी रोज एक, निदान 180 दिवस घ्यायची असते. बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. ती चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा.

गडचिरोली आणि चंद्रपुरात एक गोष्ट मात्र वेगळी आहे. इथे सिकलसेल बऱ्याच कुटुंबांत आढळतो. ज्या बाईला सिकलसेलचा आजार आहे, तिचं हिमोग्लोबिन लाल पेशी लवकर फुटतात म्हणून कमी असतं, दरवेळी लोह कमी असतं म्हणून नव्हे. अशा बाईला लोहाची गोळी द्यायची की नाही, हे डॉक्टर रक्तातलं लोह तपासून ठरवतात. फॉलिक ॲसिड मात्र तिला लागतंच. जी नुसती वाहक आहे, म्हणजे जिला आजार नाही, तिला इतरांसारखीच लोहाची गोळी चालते. म्हणून पहिल्याच तपासणीत सिकलसेलची चाचणी झाली आहे का, हे विचारून घ्या.

गरोदरपणात केस गळू लागले तर?

आपण वर पाहिलं की या काळात गळती कमी व्हायला हवी. म्हणून उलटं झालं, मुठीत केस येऊ लागले, तर तो एक धागा आहे. तो धरून मागे जा आणि आठवा, दोन-तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

या भागात याचं उत्तर बऱ्याचदा ताप हे असतं. राज्यात हिवतापाचे रुग्ण सर्वाधिक आढळतात अशा जिल्ह्यांत गडचिरोलीचं नाव वरचं आहे. जोराचा ताप आला की पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि तीन महिन्यांनी एकदम गळतात. तोवर ताप विसरला गेलेला असतो आणि दोष साबणाला किंवा पाण्याला दिला जातो. गरोदर बाईला हिवताप झाला तर तिचं रक्त झपाट्याने कमी होतं. त्यामुळे पावसाळ्यातल्या तापानंतर केस गळत असतील तर हिमोग्लोबिन पुन्हा तपासावं. गळतीचं दुसरं कारण थायरॉईड असू शकतं, आणि तेही रक्ताच्या तपासणीत कळतं.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. ओठांवर, हनुवटीवर थोडी लव येणं नेहमीचं आहे. पण राठ केस भराभर वाढले आणि आवाजही घोगरा झाला, तर डॉक्टरांना दाखवा. हे क्वचितच होतं, पण तेव्हा अँड्रोजेन प्रमाणाबाहेर वाढलेलं असू शकतं.

बाळंतपणानंतरचा हिशोब

समजा, एटापल्ली तालुक्यातल्या एका बाईला जूनच्या सुरुवातीला दिवस गेले. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून तिची गळती कमी झाली आणि हिवाळ्यात वेणी सगळ्यात दाट दिसली. मार्चच्या सुरुवातीला बाळंतपण झालं. वार पडली आणि काही दिवसांतच इस्ट्रोजेन खाली आलं. जे केस इतके महिने थोपवून धरले होते, ते सगळे एकदम विश्रांतीला गेले.

लिनफील्ड यांच्या मोजणीत बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी वाढते केस शंभरात साधारण पंचाहत्तर उरले होते. म्हणजे विश्रांतीत पंचवीस हजार, आणि पुढच्या शंभर दिवसांत रोजचे अडीचशे केस! ही गळती या बाईला जून-जुलैमध्ये जोरात दिसणार. तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो, म्हणून दोष पावसाला. बाळ तीन-चार महिन्यांचं होऊन हसायला, ओळखायला लागलेलं असतं, म्हणून बऱ्याच घरांत म्हणतात, बाळ आईला ओळखू लागलं की केस जातात. महिन्यांचा हिशोब बरोबर आहे, कारण मात्र वेगळं आहे. काही जणी दूध पाजणं कमी करतात, तेही चुकीचं. केस दुधामुळे गळत नाहीत.

या गळतीला 1961 साली अल्बर्ट क्लिगमन यांनी टेलोजेन इफ्लुव्हियम असं नाव दिलं. ती सारख्या प्रमाणात डोकंभर होते, चट्टे पडत नाहीत. कपाळाजवळ आखूड नवे केस उभे दिसू लागले की समजावं, छिद्रं पुन्हा कामाला लागली. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे वेणी पूर्वीसारखी दिसायला बाळाचा पहिला वाढदिवस उजाडतो. त्यानंतरही गळती सुरू असेल, चट्टे पडत असतील किंवा सोबत थकवा असेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या.

नवजात बाळासाठीच्या आशाताईंच्या घरभेटी बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत असतात, पण केसांची मोठी गळती त्यानंतर सुरू होते. म्हणून त्यातल्या शेवटच्या भेटीतच त्यांना विचारून ठेवा, लाल गोळ्या पुढच्या महिन्यांना पुरतील ना?